ट्रेडमिल की सायकल: पडद्यावरच्या कॅलरी आणि मीटरवरचे युनिट

जुळे सोलापूरच्या माझ्या मावशीला घरी व्यायामाचं यंत्र घ्यायचंय. तिचा पहिला प्रश्न होता, "जितक्या कॅलरी दाखवतं, तितकी वीज खातं का रे?"

नाही. दोन्ही आकडे ऊर्जेचेच आहेत, 860 कॅलरी म्हणजे एक युनिट. पण पडद्यावरचा आकडा तिच्या शरीराचा अंदाज आहे आणि मीटरवरचा मोटरचा खरा खर्च.

मित्राच्या ट्रेडमिलवर मी मोजून पाहिलं. फ्रिज, पंखे सगळं बंद केलं आणि मीटरचा लाल दिवा मिनिटाला किती वेळा लुकलुकतो ते मोजलं. त्या मीटरवर 3200 imp/kWh छापलंय, म्हणजे 3200 लुकलुकी झाल्या की एक युनिट. माझं वजन 70 किलो. ताशी 6 किलोमीटरने सपाट चालताना 21 लुकलुकी झाल्या, म्हणजे साधारण 400 वॉट. पाऊण तासाला 0.3 युनिट, महिन्यात 25 दिवस चाललो तर साडेसात युनिट. पडद्यावर तेवढ्याच वेळात 213 कॅलरी दिसल्या.

मग चढ 5 टक्के केला. कॅलरी 350 च्या पुढे गेल्या, पण लुकलुकी 18 वर उतरल्या! कारण साधं आहे. चढावर आपलंच वजन पट्टा मागे ढकलतं, मोटरचं तेवढं काम वाचतं. शरीर जास्त खपतं तेव्हा यंत्र कमी वीज घेतं.

पडद्याला यातलं काहीच कळत नाही. तो वेग, चढ आणि वेळ यांवरून हिशोब मांडतो, वजन विचारलं नाही तर स्वतःच एक धरून चालतो. मावशी 55 किलोची, तिच्यासाठी त्या 213 चे 167 च होतात. दांडा धरून चाललं तर त्याहूनही कमी. शिवाय यातल्या पाव भागाएवढ्या कॅलरी नुसतं बसूनही खर्च झाल्याच असत्या.

मीटर मात्र एक मोलाची गोष्ट सांगतो. आपल्याकडच्या धुळीत पट्ट्याखालचं सिलिकॉन तेल सुकलं की घर्षण वाढतं. त्याच माणसाला, त्याच वेगाला लुकलुकी 21 च्या 27 झाल्या, तर तेल द्यायची वेळ झाली समजा. नाहीतर मोटर तापते. कॅलरी तेव्हाही तेवढ्याच दिसतात.

चुंबकी सायकलचं प्रकरण छोटं आहे. बहुतेक साध्या मॉडेलमध्ये पडद्याला दोन सेल पुरतात, भिंतीतून वीज लागतच नाही. काहींना ॲडॅप्टर असतो, तोही किरकोळ खातो. वॉट दाखवणारी सायकल असेल तर कॅलरींचा अंदाज बराच भरवशाचा: 100 वॉटने अर्धा तास म्हणजे 180 किलोज्यूल काम, शरीर कामाच्या चौपट ऊर्जा खर्च करतं आणि एक कॅलरी म्हणजे सुमारे 4.2 किलोज्यूल, त्यामुळे कॅलरीही जवळपास 180 च.

मावशीचे गुडघे ठीक आहेत आणि तिला चालायलाच आवडतं, म्हणून मी ट्रेडमिल सुचवली, पण वजन भरता येणारी. दुकानात पट्टा चालू ठेवून दोन्ही पाय बाजूच्या पट्ट्यांवर ठेवायला सांगितलंय. कॅलरी तरीही वाढत राहिल्या, तर आकड्यावर किती विसंबायचं ते तिला तिथेच दिसेल.