तोंड हलतंय, पण डोळे कुठे आहेत? वाचनपाठाचा निरीक्षण तक्ता आठ महिने वापरल्यावर

पहिली-दुसरीच्या वाचनाचे तास पाहण्यासाठी आम्ही गेले आठ महिने एकच तक्ता वापरतोय. दोन पानी, तीन भागांचा. पहिल्या भागात दर ३ मिनिटांनी ठरलेल्या ६ मुलांवर एकेक नजर टाकायची आणि मूल त्या क्षणी 'वाचनात आहे का', याचं 'हो' किंवा 'नाही' लिहायचं. दुसऱ्या भागात मूल चुकल्यावर शिक्षक काय करतात त्याची नोंद. तिसऱ्या भागात तास संपल्यावर १ ते ५ गुण. पहिला भाग झकास, दुसरा कामाचा, आणि तिसरा आम्ही चौथ्या महिन्यात सोडून दिला.

सहा मुलं आपण निवडायची नसतात, हे मला फार आवडलं. ३० जणांच्या वर्गात चिठ्ठी टाकून १ ते ५ मधला एक आकडा काढायचा आणि तिथून हजेरीपटावरचं दर पाचवं नाव घ्यायचं, तेही वर्गात पाऊल टाकण्याआधी. गैरहजर असेल तर त्याच्या खालचं नाव. हे केलं नाही तर नजर आपसूक हात वर करणाऱ्यांवर जाते आणि अख्खा वर्ग वाचतोय असं वाटू लागतं.

पहिल्या महिन्यात मी आणि माझी सहकारी एकाच तासाला बसलो, वेगवेगळ्या कोपऱ्यांत. ३० मिनिटं, १० फेऱ्या, ६ मुलं, म्हणजे प्रत्येकीच्या ६० नोंदी. ४८ जुळल्या. ८० टक्के! आम्ही खूश. पण हिशेब नीट मांडल्यावर हवाच गेली. माझे 'हो' ५० होते, तिचे ४६. दोघीही इतक्या वेळा 'हो' लिहीत असू, तर न पाहता लिहिलं तरी साधारण ६८ टक्के नोंदी जुळल्या असत्या. योगायोगाचा हा वाटा वजा करणारा कॅपा गुणांक काढला तर तो जेमतेम ०.३८ आला. १ म्हणजे पूर्ण एकमत, ० म्हणजे निव्वळ योगायोग.

न जुळलेल्या १२ नोंदी घेऊन बसलो. बहुतेक सगळ्या एकसुरात वाचन चालू असतानाच्या. मागच्या रांगेतली एक मुलगी सगळ्यांबरोबर खणखणीत म्हणत होती, डोळे मात्र खिडकीबाहेर. मी 'हो' लिहिलं होतं, तिने 'नाही'. दोष तक्त्याचा होता, कारण 'वाचनात आहे' म्हणजे काय हे त्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं. आम्ही व्याख्या बदलली: नजर टाकली त्या क्षणी मुलाचे डोळे किंवा बोट मजकुरावर असेल तरच 'हो', तोंड हलतंय की नाही ते बघायचं नाही. दुसऱ्या तासाला ६० पैकी ५४ नोंदी जुळल्या, गुणांक ०.७९. एका वाक्याचा फरक. तरी व्याख्या हळूहळू सैल होतेच, म्हणून दर सहा आठवड्यांनी आम्ही अशी जोडीने बैठक घेतो.

दुसऱ्या भागात मत लिहायचं नाही, बोललेलं जसंच्या तसं उतरवायचं. एका मुलाने 'कमळ' या शब्दावर चित्राकडे पाहून 'फूल' म्हटलं. बाई लगेच म्हणाल्या, "कमळ. पुढे." माझी नोंद: 'शब्द सांगितला, थांबल्या नाहीत.' 'घाईने शिकवतात' असं लिहिलं असतं तर ते माझं मत झालं असतं. अडचण एकच: चुका भराभर होतात आणि हात पुरत नाही. म्हणून आम्ही तासाच्या मधल्या १० मिनिटांतल्याच चुका टिपतो.

तिसऱ्या भागाचं काय बिघडलं? एका वर्गात भिंतीभर तक्ते, गाणी, हसरं वातावरण. 'प्रत्येक मुलाला वाचायची संधी मिळते' यापुढे मी डोळे झाकून ५ दिले. घरी तासाच्या नोंदी चाळल्या, तर सहांपैकी एकच मूल एकट्याने वाचताना दिसलं होतं. वर्ग आवडला की सगळ्याच रकान्यांत गुण चढतात. आता गुणांऐवजी 'एकट्याने वाचलेली मुलं' हा साधा आकडा लिहितो.

पहिल्या भेटीच्या नोंदी आम्ही धरत नाही. पाहुणे येणार म्हणून धडा आधीच घोटून घेतलेला असतो. कसं कळतं? पान उलटायच्या आधीच पुढच्या पानावरचं वाक्य मुलांच्या तोंडी येतं. तिसऱ्या भेटीपर्यंत मुलं आपल्याला विसरतात, निदान आमच्याकडे तरी.

एक उणीव मात्र कायम आहे. डोळे मजकुरावर असलेलं मूल वाचतंयच असं नाही, आणि वाचलेलं त्याला कळलं का, हे या तक्त्यातून अजिबात समजत नाही. त्यासाठी तासानंतर त्या सहांपैकी दोघांना बाजूला घेऊन, न पाहिलेल्या चार ओळी वाचायला देतो आणि दोन प्रश्न विचारतो. खिडकीबाहेर बघणाऱ्या त्या मुलीला पहिली ओळसुद्धा वाचता आली नव्हती.