‘मी आपली कशी मदत करू शकतो?’ की ‘काय दाखवू ताई?’

नागपुरात इतवारीत किंवा गांधीबागेत साडीच्या दुकानात पाय ठेवला की गादीवरूनच हाक येते, ‘या ताई, बसा. काय दाखवू?’ सीताबर्डीच्या एखाद्या नव्या शोरूममध्ये काउंटरवरची मुलगी म्हणते, ‘नमस्कार, मी आपली कशी मदत करू शकते?’ नवीन स्टाफला यातलं कोणतं वाक्य शिकवायचं, असा प्रश्न असेल तर मी पहिलंच शिकवेन.

दुसऱ्या वाक्यात अडचण ‘मदत’पासूनच सुरू होते. मराठीत मदत लागते ती अडलेल्याला. साडी घ्यायला आलेली बाई अडलेली नसते, ती गिऱ्हाईक असते. शिवाय मदत ‘तुम्हाला’ करायची असते. ‘तुमची मदत’ म्हणजे तुम्ही केलेली मदत. ‘आपली मदत करतो’ हे हिंदीचं वळण, आणि नागपुरात हिंदी सतत कानावर असल्याने ते चटकन खटकतही नाही. पुढचं ‘करू शकते’ तर कुवतीबद्दल बोलतं. काही देऊ करताना आपण ‘शकणे’ वापरतच नाही. ‘दाखवू?’, ‘आणू का?’, ‘काढून देऊ?’ एवढं पुरतं. दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर ठरलेला मेसेज टाकायचा असेल तर याचा आणखी एक फायदा आहे: ‘दाखवू’ बाईनं लिहा की पुरुषानं, बदलत नाही. शकतो-शकतेचा घोळच उरत नाही.

‘काय पाहिजे?’ हेही चालतं, पण सूर जरा चढला की समोरच्याला हटकल्यासारखं वाटतं. ‘काय पाहिजे होतं जी?’ म्हणा, धार जाते. गरज आत्ताचीच आहे, पण भूतकाळातल्या ‘होतं’मुळे प्रश्न अंगावर येत नाही, आणि आपल्याकडचा ‘जी’ उरलेलं काम करतो. नुसतं पाहायला आलेल्याला मात्र हाही प्रश्न विचारू नये. त्याला ‘पाहा निवांत, काही काढून दाखवायचं असलं तर सांगा’ म्हणावं आणि बाजूला व्हावं.

फोनवर ‘बोला’ उत्तम. अनोळखी नंबर असला तर आधी दुकानाचं नाव सांगून मग ‘बोला’. फक्त ते तोडून म्हटलं तर घाई वाटते, म्हणून ‘हां, बोला ना’.

दवाखान्याच्या काउंटरवर कामाचाच प्रश्न विचारावा: ‘कोणत्या डॉक्टरांना दाखवायचं आहे?’ घाबरलेल्या नातेवाइकाला उत्तर लगेच देता येतं. ‘कशी मदत करू’ विचारलं तर तो बिचारा सगळी हकिगत पहिल्यापासून सांगू लागतो. तिथल्या पाटीवरही लांबलचक वाक्याऐवजी ‘चौकशी’ एवढंच लिहावं, ते लांबूनही वाचता येतं.

‘मदत’ शोभते ती जागाही तिथेच असते. म्हातारे काका फॉर्म हातात घेऊन चष्मा शोधत उभे असतात, तेव्हा जवळ जाऊन ‘काका, फॉर्म भरायला मदत करू का?’ म्हणावं.