मूळ नक्षत्र, चौथा चरण आणि आमचे १,३२,९०० रुपये

पैसे परत मिळतील ही आशा सोडली आहे, तेव्हा हे लिहिणं त्यासाठी नाही. आमच्या ओळखीतल्या आणखी दोन घरांत मुलीच्या पत्रिकेवर "मूळ" लिहिलेलं आहे आणि दोष काढून देतो म्हणून आम्हाला फसवणारा माणूस आता तिथेही जायला लागलाय असं कळलं, म्हणून लिहिते आहे. त्याचं नाव देणार नाही, वकिलांनी तसं सांगितलंय. गुरुजी म्हणायचीही इच्छा नाही, पण दुसरं काय म्हणू?

मुलगी मूळ नक्षत्रावरची. जन्मल्यावर सासूबाईंनी बाराव्या दिवशी जननशांत करून घेतली होती. सूप, गाय, तुपात तोंड पाहणं, सगळं रीतसर झालं होतं. मग अठ्ठावीस वर्षं त्या नक्षत्राची आम्हाला आठवणही नव्हती. पहिलं चांगलं स्थळ आलं, बघण्याचा कार्यक्रम झाला, मुलाला मुलगी पसंत पडली, आणि दोन दिवसांनी मुलाच्या आईचा फोन आला. "मुलगी गोड आहे हो, पण मूळ नक्षत्र आहे आणि आमच्या ह्यांचं बायपास झालेलं आहे." संपलं. ज्यांच्या घरात मूळ, आश्लेषा किंवा ज्येष्ठेवरची मुलगी आहे त्यांना पुढचं सांगायला नको. मूळ म्हणजे सासऱ्याला वाईट, आश्लेषा सासूला, ज्येष्ठा थोरल्या दिराला. अश्विनी, मघा, रेवतीही त्याच सहा दोषाच्या नक्षत्रांत मोजतात, पण लग्नाच्या बाजारात त्यांचं कुणी फारसं विचारत नाही.

सूचक मंडळातल्या बाईंनीच त्या माणसाचं कार्ड माझ्या हातात ठेवलं. "यांच्याकडून शांत करून घ्या आणि तसं पत्र घ्या, म्हणजे स्थळं अडणार नाहीत." बाईंचा त्यात वाटा होता असं माझं ठाम मत आहे. पुरावा नाही, म्हणून एवढंच.

आता तो क्षण. त्याने आमच्या दिवाणखान्यात बसून पत्रिका उघडली, ओळीवर बोट ठेवलं आणि मोठ्याने वाचलं, "मूळ, चरण चौथा, नावाचं अक्षर भी." मग मान हलवत म्हणाला, "चौथा चरण म्हणजे नक्षत्राचा तळ. सगळं विष तळाशी साठतं." मी ऐकत होते. हेही ऐकत होते. चहा गार होत होता आणि आम्ही दोघं पदवीधर माणसं माना डोलावत होतो.

खरं काय आहे ते पुढे आमच्या जुन्या वाड्यातल्या भटजींनी सांगितलं, फुकट. ज्या मुहूर्तचिंतामणीच्या आधारे आपल्याकडे हा दोष बघतात तो रामदैवज्ञांनी काशीत १६०० साली लिहिला. त्यात दोष सांगितल्यावर लगेच अपवादही दिलाय: मुळाचा चौथा चरण आणि आश्लेषेचा पहिला चरण शुभ. म्हणजे ज्या शास्त्राच्या नावाने आमच्याकडून पैसे उकळले, त्याच शास्त्राप्रमाणे माझ्या मुलीला दोष नव्हताच! आणि त्यात कारणही समजण्यासारखं आहे. भीती आहे ती सांध्याची. वृश्चिक रास आणि ज्येष्ठा नक्षत्र एकाच जागी संपतात, तिथूनच धनु आणि मूळ सुरू होतात. चंद्र एका नक्षत्रात साधारण एक दिवस असतो, एका चरणात सहा तास. चौथा चरण लागेपर्यंत चंद्र त्या सांध्यापासून अठराएक तास पुढे आलेला असतो. आश्लेषेचं याच्या उलट, तिथे सांधा शेवटी आहे, म्हणून पहिला चरण निर्धोक. "विष तळाशी" हे त्याने जागच्या जागी रचलं होतं.

हे आम्हाला कळायला हवं होतं असं आता सगळे म्हणतात. माझे दीर तर फार म्हणतात. पण मला सांगा, चरण कोण बघतं? पत्रिकेत अक्षर लिहिलेलं असतं तेवढं बघा: मुळाचे चार चरण म्हणजे ये, यो, भा, भी. आश्लेषेचे डी, डू, डे, डो. तुमच्या मुलीचं "भी" किंवा "डी" असेल तर दारात आलेल्या माणसाला तिथूनच वाटेला लावा. जन्मवेळ चरणाच्या अगदी कडेवरची असेल तरच दवाखान्याच्या कागदावरची वेळ काढून गणित दुसऱ्याकडून करून घ्या. आमची वेळ चरणाच्या मधोमध होती, शंकेला जागाच नव्हती.

आणि एक. त्या ग्रंथात मुळावर जन्मलेली मुलगी आणि मुलगा, दोघांनाही सासऱ्याच्या बाबतीत हा दोष लावलाय. किती मुलांच्या पत्रिका बघून माझ्या नवऱ्याची काळजी केली कुणी?

पैशाचा हिशोब असा. "दोषनिदान" १,१०० रुपये. "विवाहपूर्व मूळशांत" ५१,०००, त्यातले २१,००० फोनवरून पाठवले आणि ३०,००० रोख. लहानपणी शांत झाली आहे म्हटलं तर म्हणाला, ती आईबापांसाठी होती, ही सासरसाठी. निर्ऋतीची सोन्याची प्रतिमा करायला दोन ग्रॅमचे १४,८०० रोख. निर्ऋती ही मुळाची देवता, तिची प्रतिमा शांतीत करतात हे खरं आहे, पण पूजा झाल्यावर ती "दान" म्हणून त्याच्याच पिशवीत गेली. ती सोन्याची होती की पितळेची, देव जाणे.

शांतीला अठ्ठावीस हजार जप ठरला होता. आता माझं गणित बघा, कारण ते मी तेव्हा करायला हवं होतं असं म्हणणाऱ्यांनाही करता आलं नसतं. एका मंत्राला दहा सेकंद धरले तरी अठ्ठावीस हजारांना पावणेअठ्ठ्याहत्तर तास लागतात. चार माणसं आली, सकाळी नऊला बसली आणि बाराच्या आत जेवायला उठली. म्हणजे चौघांचे मिळून बारा तास, फार तर चार हजार तीनशे मंत्र, तेही मध्ये कुणी फोन घेतला नाही असं धरून. फोन तर घेतलेच. सत्तावीस विहिरींचं पाणी म्हणून जे आणलं ते एकाच पिंपातलं होतं, आमच्या कामवाल्या मावशींनी त्यांना इमारतीच्या नळावर भरताना पाहिलं. वर, "मूळ नक्षत्राच्याच दिवशी करावं लागतं" असं त्यानेच सांगितलं होतं. केलं रविवारी, सगळ्यांना सुट्टी म्हणून. स्वयंपाकघरातल्या भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या चौकटीत रोहिणी छापलेलं होतं. रोज दुधाचा हिशोब मी त्याच चौकटीत लिहिते.

दुसरं स्थळ आलं, तेव्हा तरी सुटलो असं वाटलं, कारण त्या मुलाचे वडील आधीच वारलेले. सासराच नाही तर सासऱ्याचा दोष कुठून येणार? साध्या पंचांगवाल्यालाही हे कळतं. हा म्हणाला, "सासरा नसेल तर दोष नवऱ्यावर फिरतो." आणि कुंभविवाह सुचवला, ३१,००० रोख. कुंभविवाह मंगळ किंवा वैधव्ययोग असेल तर करतात. माझ्या मुलीच्या पत्रिकेत मंगळ नाही, कुठलाही वैधव्ययोग नाही. मूळ आणि कुंभविवाह यांचा काहीही संबंध नाही. पण "नवऱ्यावर" हा शब्द ऐकल्यावर आईच्या पोटात जे होतं ते ज्याला होतं त्यालाच कळतं, त्यामुळे मला कुणी शहाणपण शिकवू नये.

शेवटचा घाव लसण्याचा. मुळाचा स्वामी केतू, केतूचं रत्न लसण्या, अंगठीसकट ३५,००० फोनवरून. मुलीने पंधरवडाभर घातली आणि काढून टाकली. ("आई, मला ऑफिसात लोक विचारतात.") ओळखीच्या सराफाकडे नेली, त्याने बाजूने भिंग लावून मला दाखवलं, आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक जाळी होती. अशी जाळी काचेच्या तंतूंच्या नकली दगडात दिसते, खऱ्या लसण्यात नाही. किंमत विचारली तर तो हसला फक्त. रत्न घ्यायचंच असेल तर आधी प्रयोगशाळेचा दाखला मागा, मग पैसे.

बेरीज १,३२,९००. त्यातले ५७,१०० फोनवरून, ७५,८०० रोख. रोखीची एकही पावती नाही. "दक्षिणेची पावती मागतात का?" असं तो म्हणाला होता. मागा. पावती देत नसेल तर रोख देऊ नका.

मग पोलीस ठाणं. ठाणे अंमलदाराने अर्ज अर्धा वाचला आणि विचारलं, "पैसे कुणी जबरदस्तीने घेतले का?" नाही. "मग स्वखुशीने दिले." मी म्हटलं, खोटं सांगून पैसे घेणं ही फसवणूक आहे, भारतीय न्याय संहितेत कलम ३१८ आहे. तो म्हणाला, ताई, कोर्टात ज्योतिष खरं की खोटं हे कोण सिद्ध करणार? अहो, मी ज्योतिष सिद्ध करायला आलेच नव्हते! काचेला रत्न म्हणून विकलं, न केलेल्या जपाचे पैसे घेतले, एवढंच लिहून घ्या म्हणत होते. त्याने साहेबांकडे पाठवलं. साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी साहेब भेटले आणि जादूटोणाविरोधी कायद्याकडे बोट दाखवलं. तो कायदा दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ साली आला, पण त्यात ज्योतिषाच्या सल्ल्याला हात लावलेला नाही, म्हणून "आमचे हात बांधलेले". जो कायदा मी मागितलाच नव्हता तो लागू होत नाही हे सांगून त्यांनी मला घरी पाठवलं. अर्जाची पोचसुद्धा मागून, दारात उभं राहून घ्यावी लागली.

सायबर फसवणुकीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन केला तर पहिला प्रश्न, पिन तुम्हीच टाकला का. हो म्हटल्यावर आवाजच बदलला. बँकेत तेच. ग्राहक आयोगात एक लिपिक म्हणाला, पूजा ही सेवा आहे की श्रद्धा हे आधी ठरावं लागेल. मी म्हटलं, अंगठी तरी वस्तू आहे ना? तर म्हणाला, बिल आणा. सूचक मंडळाने तर "आम्ही फक्त माहिती देतो" म्हणून माझा नंबरच बंद केला. प्रत्येक ठिकाणी माझं वय, माझं शिक्षण विचारलं गेलं आणि त्या माणसाचं नावसुद्धा कुणी विचारलं नाही.

ठाणं ऐकत नसेल तर कलम १७३ खाली पोलीस अधीक्षकांना टपालाने लेखी तक्रार पाठवता येते, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तशी सोय आहे. मी ती रजिस्टर पोस्टाने पाठवली आहे, अंगठीवर सराफाने लिहून दिलेला कागद, व्यवहारांचे स्क्रीनशॉट आणि त्या रविवारचं कॅलेंडरचं पान जोडून. भटजींनी हेही सांगितलं की दोष असलाच आणि मनाला शांत करावीशी वाटलीच, तर सामानासकट ते अकरा हजारांत करून देतात, आणि जप किती होणार ते आधीच खरं सांगतात.

तुमच्याकडे हाच माणूस येऊन गेला असेल आणि त्याने चौथ्या चरणाचं विष किंवा सासरा नसलेल्या घरात कुंभविवाह असलं काही सांगितलं असेल, तर त्याचे संदेश पुसू नका. एकटीची तक्रार "दक्षिणा" ठरते. तीन घरांनी तीच वाक्यं, तेच दर लिहून दिले तर ठाणे अंमलदाराला निदान पूर्ण अर्ज वाचावा लागेल.