सिरीज बायबल, अकरा महिन्यांनंतर: काय टिकलं, काय गळालं

सिरीज बायबल म्हणजे अनेक खंडांच्या कथेतली पात्रं, तारखा आणि ठिकाणं एकमेकांशी जुळती राहावीत म्हणून ठेवलेली नोंदवही. वापर असा: तीन खंडांची कादंबरी, १९४६ ते १९८७ एवढा काळ, मांडवीच्या बार्देश काठावरचं कुडवणे नावाचं कल्पित गाव आणि छत्तीस पात्रं. पहिला खंड छापून झाला आहे, दुसऱ्याचं काम चालू आहे, तिसरा अजून आराखड्यात आहे. साधन एक स्प्रेडशीट. नोंदवहीसाठी वेगळं सॉफ्टवेअर घेण्याची गरज अजून तरी पडलेली नाही.

सुरुवातीला प्रत्येक पात्रामागे स्वभाव, आवडीनिवडी, भीती असे वीसेक रकाने होते. दोन महिन्यांत ते कुणी उघडेनासं झालं, कारण स्वभाव प्रकरणातून कळतो, रकान्यातून नाही. टिकले ते चारच रकाने: नोंद, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत खरी, कोणत्या खंडाच्या कोणत्या प्रकरणात आली, आणि ‘छापलेलं’ की ‘ठरवलेलं’. शेवटचा रकाना सगळ्यांत मोलाचा. छापलेलं बदलता येत नाही, ठरवलेलं बदलता येतं. दोन नोंदी भांडल्या की कोणाला माघार घ्यायची, हे त्यावरूनच ठरतं.

वयांचा तक्ता वेगळा. A रकान्यात नाव, B मध्ये जन्मतारीख, आणि पहिल्या ओळीत C पासून पुढे प्रसंगांच्या तारखा: १८ जून १९४६ (मडगावची लोहियांची सभा), १९ डिसेंबर १९६१ (मुक्ती), ३० मे १९८७ (घटकराज्य). C2 मध्ये हे सूत्र टाकून उजवीकडे आणि खाली ओढायचं:

```
=DATEDIF($B2, C$1, "Y")
```

शेवंतीचं उदाहरण घ्या. नोंदीत जन्म ३ नोव्हेंबर १९३८, आणि पहिल्या खंडात सभेच्या दिवशी ती ‘आठ वर्षांची’ छापून गेली. वर्षातून वर्ष वजा केलं तर आठच येतात, म्हणून चूक कुणाच्या लक्षात आली नाही. सूत्र सात सांगतं. जन्माचा महिना मात्र कुठेच छापलेला नव्हता, तो ‘ठरवलेला’ होता. म्हणून जन्मतारीख ३ मार्चवर आणली आणि सभेच्या दिवशी आठ पुरे झाले. मुक्तीला तेवीस होतेच, तेवीसच राहिले. तिसऱ्या खंडात अठ्ठेचाळीसऐवजी एकोणपन्नास झाले, पण तो अजून लिहायचाच आहे.

तक्त्याच्या खोड्याही आहेत. पात्र प्रसंगाच्या वेळी जन्मलेलंच नसेल तर #NUM! दिसतं, आणि हा इशारा उपयोगाचाच आहे. उलट, मेलेल्या माणसाचं वय बिनबोभाट वाढत राहतं, त्यामुळे मृत्यूनंतरचे चौकोन हाताने काळे करावे लागतात. एक्सेलला १९०० च्या आधीची तारीख कळत नाही, तो ती साधा मजकूर समजतो. १८९४ साली जन्मलेल्या आजोबांपुढे म्हणून #VALUE! येतं. गूगल शीट्स आणि लिबरऑफिस कॅल्क जुन्या तारखा घेतात.

ठिकाणांच्या बाबतीत चूक वेगळ्या जागी होते. कुडवणे कल्पित असलं तरी पणजीला जायचा रस्ता खराच असतो. नोंद होती: ‘कुडवण्याहून पणजी: बसने, पुलावरून.’ तिला तारखा नव्हत्या. १९६१ मध्ये मांडवीवर पूल नव्हता, माणसं बेतीहून होडीने किंवा फेरीबोटीने पलीकडे जात. पुढे पूल झाला, पण ५ जुलै १९८६ ला तो कोसळला. म्हणजे ३० मे १९८७ ला शेवंतीला पुलावरून बसने पणजीत उतरवणं चूक, तिला पुन्हा फेरीच्या रांगेत उभं करावं लागतं. आता त्या एका ओळीच्या तीन झाल्या आहेत, प्रत्येकीला ‘पासून’ आणि ‘पर्यंत’. (प्रसंगही रांगेमुळे सुधारला, पण ते श्रेय तक्त्याचं नाही.)

मराठीत सगळ्यांत जास्त छळतो तो शोध. हस्तलिखितात ‘कुडवणे’ शोधलं तर ‘कुडवण्यात’, ‘कुडवण्याचा’ सुटतात, ‘म्हापसा’ शोधलं तर ‘म्हापशात’ सापडत नाही. म्हणून प्रत्येक नावापुढे शोधायचा तुकडा लिहून ठेवा: ‘कुडवण’, ‘म्हाप’. माणसांसाठी त्याच ओळीत कोण काय हाक मारतं तेही हवं, कारण दामोदर, दामू आणि दामूबाब हा एकच माणूस आहे हे शोधाला ठाऊक नसतं.

नोंदी लिहिता लिहिता करू नका, लेखन अडकतं. प्रकरणाचा पहिला खर्डा पुरा झाला की दुसऱ्या दिवशी तो फक्त नोंदींसाठी वाचायचा. एका प्रकरणाला पाऊण तास जातो. तीन प्रकरणं साचली की मात्र कोणती गोष्ट कागदावर आली आणि कोणती नुसती डोक्यात होती, हेच सांगता येत नाही, आणि ‘छापलेलं-ठरवलेलं’ रकाना खोटा पडू लागतो.