पैसे भरून घेतलेली लहान लिंक आणि फुकटचे utm: काही महिन्यांच्या वापरानंतरचा हिशोब

लिंक लहान करून देणाऱ्या आणि तिच्यावरचे क्लिक मोजणाऱ्या एका सेवेची वर्गणी मी भरत होते. वर्गणीच्या नूतनीकरणाची तारीख जवळ आली, तेव्हा त्यांच्या आकड्यांत आणि माझ्या दुकानाच्या आकड्यांत इतकी तफावत का पडते, असे मी त्यांच्या मदत विभागाला विचारले. आठवडाभर पत्रव्यवहार झाल्यावर उत्तर आले की क्लिकची मोजणी बरोबर आहे, मात्र त्यातले यंत्रांनी केलेले क्लिक गाळून दाखवण्याची सोय वरच्या, अधिक महाग योजनेत आहे. चुकीची मोजणी स्वस्तात मिळते आणि बरोबर मोजणीला जास्त पैसे पडतात, असा या उत्तराचा सरळ अर्थ होतो. पुढचे परीक्षण ते पत्र समोर ठेवूनच लिहिले आहे, त्यामुळे त्याचा सूर थोडा तिखट वाटल्यास आश्चर्य वाटू नये.

मी हाताने शिवलेल्या वह्या ऑनलाइन विकते. जाहिरातीवर खर्च करत नाही. इन्स्टाग्राम, फेसबुकवरचा एक गट आणि जुन्या ग्राहकांना महिन्यातून दोनदा जाणारे ईमेल पत्र, एवढ्यावरच सगळे चालते. या तिघांपैकी खरी ऑर्डर कोण आणते, हा एकच प्रश्न मला सोडवायचा होता. त्यासाठी प्रत्येक ठिकाणी वेगळी लिंक दिली, म्हणजे पत्त्याच्या शेवटी ग्राहक कुठून आला ते सांगणारे utm चे शब्द जोडले. इन्स्टाग्रामच्या प्रोफाइलमधली लिंक अशी होती:

```
https://example.com/vahi?utm_source=instagram&utm_medium=social&utm_campaign=navi_vahi&utm_content=bio
```

स्टोरीसाठी शेवटचा शब्द `story` केला आणि ईमेलसाठी `utm_source=patra&utm_medium=email` ठेवले. हे शब्द नेहमी लहान अक्षरांत लिहावेत, कारण दुकानाच्या पानांवरच्या भेटी मोजणारे गूगल अ‍ॅनालिटिक्स `Instagram` आणि `instagram` हे दोन निराळे स्रोत मानते आणि अहवालात एकाच ठिकाणाच्या दोन ओळी तयार होतात. पत्त्यात आधीच प्रश्नचिन्ह असेल तर दुसरे प्रश्नचिन्ह न टाकता `&` ने जोडावे लागते. एवढे सांभाळले की utm चा भाग संपतो. तो फुकट आहे आणि त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

तक्रार आहे ती क्लिकबद्दल. एका महिन्यात लहान लिंकवाल्या सेवेने ईमेल पत्राच्या नावावर 310 क्लिक दाखवले, तर दुकानाच्या अ‍ॅनालिटिक्समध्ये त्याच लिंकवरून आलेल्या भेटी 90 होत्या. मी आधी उरलेल्या लोकांना पान उघडण्यात अडचण येत असावी असे धरून पानाचा वेग तपासत बसले. खरे कारण क्लिकच्या वेळांत दडलेले होते. पत्र पाठवल्यानंतरच्या पहिल्या मिनिटाभरातच क्लिकचा मोठा ढीग पडला होता, आणि ज्या लिंकवर सहसा कोणी बोट ठेवत नाही त्या पत्राच्या तळाशी असलेल्या अटी-शर्तींच्या लिंकवरही जवळपास तेवढेच क्लिक होते. माणसे असे वागत नाहीत. कचेऱ्यांच्या ईमेल यंत्रणा आलेल्या पत्रातली प्रत्येक लिंक सुरक्षिततेसाठी आधी स्वतः उघडून पाहतात, आणि लहान लिंकवाली सेवा ती उघडणीसुद्धा क्लिक म्हणून मोजते. चॅटमध्ये किंवा फेसबुकवर लिंक टाकली की खाली चित्रासह छोटी झलक दिसते. ती तयार करण्यासाठीही यंत्र ती लिंक एकदा उघडते. याची खात्री कोणालाही दोन मिनिटांत करता येईल: नवी लहान लिंक बनवावी, ती कुठेतरी झलक उमटेल अशी टाकावी, तिला स्वतः हात लावू नये आणि मोजणी वाढते का ते पाहावे. माझ्या बाबतीत वाढली.

अ‍ॅनालिटिक्सची नोंद पानावरची जावास्क्रिप्ट चालल्यावरच होते, म्हणून यातली बरीच यंत्रे तिथे आपोआप गळतात. उलट, जाहिराती अडवणारे ब्राउझर वापरणारे किंवा कुकीला नकार देणारे खरे ग्राहकही तिथून गळतात. म्हणजे एक आकडा फुगलेला आणि दुसरा आक्रसलेला असतो. हे दोन आकडे कधीच जुळायचे नाहीत, आणि ते जुळवण्यात वेळ घालवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. क्लिकचा रकाना मी आता पाहतच नाही.

यानंतर उरतात त्या ऑर्डरी. त्यांतही सुरुवातीला एक चमत्कारिक प्रकार घडला. ऑर्डरींच्या अहवालात इन्स्टाग्राम नाही, फेसबुक नाही, आणि सर्वांत वर आमच्या पेमेंट गेटवेचा पत्ता! ग्राहक पैसे भरण्यासाठी दुसऱ्या संकेतस्थळावर जातो आणि तिथून आमच्या आभाराच्या पानावर परततो, तेव्हा अ‍ॅनालिटिक्सला तो गेटवेकडून आलेला पाहुणा वाटू शकतो. उपाय अ‍ॅनालिटिक्समध्येच आहे: डेटा स्ट्रीमच्या `Configure tag settings` मध्ये `List unwanted referrals` असे कलम आहे, तिथे गेटवेचा पत्ता लिहून ठेवायचा. मात्र हा बदल पुढच्या नोंदींनाच लागू होतो, मागचे महिने तसेच बिघडलेले राहतात. त्यामुळे दुकान सुरू करतानाच हे करून टाकावे. याशिवाय पैसे भरून झाल्यावर आभाराचे पान उघडण्याआधीच एखाद्याने खिडकी बंद केली, तर ती ऑर्डर अ‍ॅनालिटिक्सला कळतच नाही, जरी वही मात्र पाठवावी लागते.

म्हणून हिशोबाची मूळ वही म्हणजे दुकानाची ऑर्डरनोंद, अ‍ॅनालिटिक्सचा अहवाल नव्हे. या बाबतीत मला अनपेक्षित आनंद झाला, तो नमूद करायलाच हवा. माझे दुकान वूकॉमर्स या ऑनलाइन दुकान चालवण्याच्या सॉफ्टवेअरवर आहे, आणि 8.5 या आवृत्तीपासून त्यात प्रत्येक ऑर्डरसोबत तिचा स्रोत साठवण्याची सोय मुळातच आली आहे. ऑर्डर उघडली की तो ग्राहक कोणत्या utm वरून आला ते बाजूलाच दिसते. म्हणजे ज्यासाठी मी बाहेरच्या सेवेला वर्गणी देत होते, त्यातला कामाचा भाग घरातच पडून होता. शिवाय रद्द झालेल्या आणि परत आलेल्या ऑर्डरी त्याच यादीतून वजा करता येतात, जे कोणत्याही क्लिक मोजणाऱ्या सेवेला शक्य नाही.

ही वजाबाकी किती महत्त्वाची आहे ते त्याच महिन्याच्या आकड्यांवरून दिसेल. ईमेल पत्रावरून 11 ऑर्डरी आल्या आणि 2 रद्द झाल्या, म्हणजे 9 टिकल्या. फेसबुकच्या गटातून 8 आल्या, पण 5 रद्द झाल्या किंवा परत आल्या, म्हणजे उरल्या 3. इन्स्टाग्रामवरून 5 आल्या आणि 4 टिकल्या. गटातले लोक चर्चेच्या भरात ऑर्डर देतात आणि दुसऱ्या दिवशी माघार घेतात, हे मला या यादीशिवाय कळले नसते. या टप्प्यावर माझे मत असे झाले होते की इन्स्टाग्रामवर खर्च होणारा वेळ वाया जातो आणि ते बंद करावे.

ते मत पुढे बदलावे लागले. त्याच महिन्यात `direct`, म्हणजे स्रोत न कळलेल्या, टिकलेल्या ऑर्डरी 14 होत्या, ज्या कोणत्याही एका ठिकाणापेक्षा जास्त भरतात. इन्स्टाग्राममध्ये लिंक दाबली की पान त्याच अ‍ॅपच्या आतल्या ब्राउझरमध्ये उघडते आणि त्याच्या कुकी फोनच्या नेहमीच्या ब्राउझरला दिसत नाहीत. ग्राहक तिथे वही पाहतो, दुकानाचे नाव लक्षात ठेवतो आणि रात्री लॅपटॉपवर पत्ता टाइप करून ऑर्डर देतो. utm पहिल्या ब्राउझरमध्येच राहते आणि ऑर्डर बेवारस नोंदली जाते. सफारीत तर जावास्क्रिप्टने ठेवलेली कुकी फार तर सात दिवस टिकते, त्यामुळे दोन आठवडे विचार करून त्याच फोनवरून विकत घेणाराही असाच हरवतो. मी ऑर्डरच्या अर्जात आधीपासूनच एक ऐच्छिक प्रश्न ठेवला होता: आमच्या वह्या पहिल्यांदा कुठे पाहिल्या? उत्तरांचा क्रम प्रत्येक वेळी बदलता ठेवावा लागतो, नाहीतर घाईतले लोक पहिल्याच पर्यायावर खूण करतात. त्या 14 पैकी 6 जणांनी इन्स्टाग्राम लिहिले होते, एकाने ईमेल पत्र, आणि बाकीच्यांनी मैत्रिणीचे नाव लिहिले किंवा जागा कोरी सोडली.

हे धरले तर इन्स्टाग्रामच्याही 10 ऑर्डरी होतात आणि पत्राच्याही 10. एवढ्या लहान आकड्यांत एखाद-दुसऱ्याचा फरक पडला असता तरी मी त्याला महत्त्व दिले नसते, तिमाहीची बेरीज होईपर्यंत थांबले असते. पण पत्र लिहायला माझा एक तास जातो, तर इन्स्टाग्रामच्या चित्रफितींना संध्याकाळच्या संध्याकाळ लागतात. त्यामुळे इन्स्टाग्राम बंद केले नाही, चित्रफिती निम्म्यावर आणल्या. फेसबुकच्या गटात आता फक्त आगाऊ पैसे भरण्याची लिंक देते, आणि ऑर्डरी कमी झाल्या तरी माघारीही थांबल्या आहेत.

एक दोष या पद्धतीत कायमचा आहे. एखाद्या ग्राहकाने पत्त्याच्या पट्टीतली लिंक तशीच उचलून मैत्रिणीला पाठवली, की तिच्यासोबत `utm_source=instagram` सुद्धा जाते आणि मैत्रिणीची ऑर्डर इन्स्टाग्रामच्या खात्यावर चढते. त्याला इलाज नाही, आणि मी शोधतही नाही. संदेशांतून थेट आलेल्या ऑर्डरींना मात्र स्रोत हातानेच लिहून ठेवते.

राहिली वर्गणीची बाब. ती मी भरली नाही. लहान लिंक आता माझ्याच संकेतस्थळाच्या पत्त्यावर बनवते: छोटा पत्ता उघडला की तो पूर्ण utm असलेल्या पत्त्याकडे वळतो. हे वळण 302 म्हणजे तात्पुरते ठेवावे. 301 म्हणजे कायमचे ठेवले तर ब्राउझर ते लक्षात ठेवून बसतात आणि पुढे लिंक बदलली तरी जुन्या ग्राहकांना जुनेच पान उघडू शकते. वळण बनवल्यावर ते फोनवर एकदा उघडून, शेवटच्या पत्त्यात utm शिल्लक आहे ना, हे डोळ्यांनी पाहावे, कारण काही रिडायरेक्ट प्रश्नचिन्हापुढचा सगळा भाग गाळून टाकतात. पार्सलमध्ये घालायची जी कार्डे छापून ठेवली आहेत, त्यांच्यावरचा क्यूआर कोड मात्र अजून त्या जुन्या सेवेच्याच लिंकचा आहे. तो गठ्ठा संपेपर्यंत त्यांचे फुकटचे खाते चालू ठेवावे लागणार आहे, आणि पुढची कार्डे माझ्या स्वतःच्या पत्त्याने छापायला दिली आहेत.