टियर केकला आधार कशाचा: लाकडी काड्या, स्ट्रॉ की जाड नळ्या?

तीन टियरच्या केकची पहिली ऑर्डर आली की सगळ्यांना वजनाचीच धास्ती वाटते. म्हणून आधी वजनाचा हिशेब करू. 10, 8 आणि 6 इंचाचे, प्रत्येकी 5 इंच उंच असे तीन क्रीम केक घेतले, तर खालचा साधारण चार किलो, मधला अडीच-पावणेतीन आणि वरचा दीड किलोच्या आसपास भरतो. म्हणजे खालच्या केकच्या डोक्यावर चारेक किलो. ते सहा डॉवेलांत, म्हणजे केकात उभ्या रोवलेल्या आधारांत, वाटलं, तर एकेकाच्या वाट्याला पाऊण किलोही येत नाही. एवढं तर ताठ उभा केलेला स्ट्रॉसुद्धा पेलतो. तरी केक पडतात, कारण डॉवेल वजनाने मोडत नाही, तो तिरका होतो. कुठला आधार घ्यायचा हे ठरवताना मी हाच एक निकष लावते: धक्का बसल्यावर हा किती सरळ राहील?

रचना टेबलासारखी असते. वरचा केक स्वतःच्या बोर्डवर बसतो, तो बोर्ड खालच्या केकात रोवलेल्या डॉवेलांवर टेकतो आणि ते डॉवेल खालच्या बोर्डवर उभे असतात. मधला स्पंज फक्त स्वतःचं वजन सांभाळतो.

सगळ्यात स्वस्त पर्याय म्हणजे 6 मिमीच्या लाकडी काड्या. त्या वाकत नाहीत, मोडत नाहीत, आणि घट्ट गनाश किंवा बटरक्रीमच्या केकात चांगलं काम करतात. पण आपल्याकडे बहुतेक ऑर्डरी व्हीप क्रीमच्या असतात, आणि त्या मऊ केकात बारीक काडी ओल्या वाळूत खोचलेल्या उदबत्तीसारखी उभी असते. माझा पहिला टू टियर केक असाच गेला. स्पीडब्रेकरवर गाडी जरा जोरात आदळली, चारही काड्या एकाच दिशेला कलल्या आणि वरचा केक पत्त्यांच्या गड्डीसारखा पुढे सरकला. एकही काडी मोडली नव्हती. दुसरी अडचण कापण्याची. बागेतल्या कात्रीने कापलं की टोक चिरडतं आणि काडी सपाट उभी राहत नाही. बारीक दातांची करवत आणि शेवटी सँडपेपरचा एक हात हवाच. हार्डवेअरच्या दुकानातली पॉलिश केलेली दांडी तर केकात घालूच नका.

परदेशातले व्हिडिओ पाहून शिकलेल्यांचा आवडता पर्याय म्हणजे बबल टीचे रुंद स्ट्रॉ. त्यामागे तर्क आहे. स्ट्रॉ 10-12 मिमी रुंद असल्यामुळे त्याची बैठक काडीच्या दुप्पट होते. शिवाय आत पोकळ असल्याने केक बाजूला ढकलला न जाता नळीतच भरतो आणि तिला धरून ठेवतो. कात्रीने क्षणात कापता येतो. पण आपल्याकडे 1 जुलै 2022 पासून एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या स्ट्रॉवर बंदी आहे, आणि त्याच्या जागी आलेला कागदी स्ट्रॉ केकात रात्रभर राहिला तर ओला होऊन बसतो. चहात बुडवलेल्या खारीचं जे होतं तेच. कंपोस्ट होणारे ताठ स्ट्रॉ मिळाले तर जरूर घ्या, पण 6 इंचाचा हलका केक पेलण्यापुरतेच.

तिसरा पर्याय, बेकिंगच्या दुकानात मिळणाऱ्या जाड प्लॅस्टिकच्या पोकळ नळ्या. साधारण 15-18 मिमी रुंद, कडक आणि सपाट तोंडाच्या. महाग पडतात आणि कापताना करवत लागते. तरी व्हीप क्रीमच्या तीन टियरमध्ये सगळ्यात खाली मी दुसरं काही घालत नाही. लहान केकात मात्र त्या फार जागा खातात.

खरी काटकसर चुकते ती बोर्डवर. चांगले डॉवेल घेऊन त्यांच्यावर सोनेरी पुठ्ठा ठेवला, तर दोन डॉवेलांच्या मधे तो हळूहळू खाली झोका घेतो, क्रीमचा ओलावा पितो आणि केकाच्या मधोमध खळगा पडतो. 8 इंचाच्या टियरखाली मी किमान 3 मिमी जाडीचा एमडीएफ घेते. 6 इंचाला दोन पुठ्ठे एकमेकांवर चिकटवले तरी भागतं. एमडीएफवर आधी बटर पेपरचा गोल चिकटवा, नाहीतर तोही ओलावा शोषतो. बोर्ड केकाएवढाच हवा. एक इंचाने मोठा झाला तर कडा झाकता झाकता नाकी नऊ येतात.

आता मोजमाप, कारण इथे सगळ्यांचा हात चुकतो. केक भरून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. ताजा केक पुढच्या काही तासांत बसतो, आणि आधीच मापून कापलेले डॉवेल मग वर डोकावतात. सकाळी 8 इंचाचा रिकामा बोर्ड 10 इंचाच्या केकवर हलकेच टेकवून खूण करा आणि त्या वर्तुळाच्या इंचभर आत सहा जागा निवडा. पहिली नळी केक जिथे सगळ्यात उंच आहे तिथे रोवा, खालच्या बोर्डला टेकली की पृष्ठभागाशी खूण करा, बाहेर काढा, आणि बाकीच्या पाचही तेवढ्याच कापा. प्रत्येक नळी तिच्या जागच्या उंचीप्रमाणे कापली, तर केकाचा उतार जसाच्या तसा वरच्या टियरला मिळतो. सारख्या कापल्या तर एखादी मिलीभर वर राहील. राहू दे, ती फट बॉर्डरच्या पायपिंगखाली जाते. आखूड राहिलेली नळी मात्र घातक. तिच्या बाजूने वजन केकावर येतं, खालच्या केकाच्या कडेला फुगवटा दिसू लागतो किंवा फोंडंटला आडवी चीर जाते. रचून झाल्यावर खाली बसून डोळ्याच्या रेषेत सांधा बघा. एका बाजूला फट आणि दुसऱ्या बाजूला दाबलेली क्रीम दिसली, तर वरचा केक तेव्हाच उचला.

मधून आरपार जाणारी लांब दांडी हवी की नको, हे प्रवासावर ठरतं. ती वजन घेत नाही, फक्त टियरना आडवं सरकू देत नाही. हॉलवर जाऊन रचणार असाल तर ती नसली तरी चालतं. घरी रचून गाडीतून नेणार असाल तर हवीच. पुठ्ठ्यातून टोकदार दांडी हातोडीने ठोकून आरपार जाते, एमडीएफमधून जात नाही, म्हणून केक लावण्यापूर्वीच बोर्डना मधोमध भोक पाडून घ्या. तेही विसरून, केक सजवून झाल्यावर हातात ड्रिल घेऊन उभं राहण्याची पाळी माझ्यावर आलेली आहे.

माझी स्वतःची वाटणी अशी: दोन टियर असतील तर थंडगार केक रचूनच नेते, तीन असतील तर खालचे दोन दांडीसह रचलेले आणि वरचा वेगळ्या खोक्यात. खोकी सीटवर ठेवत नाही, कारण सीटला उतार असतो. डिकीत किंवा पायापाशी, खाली रबरी मॅट टाकून. मे महिन्यात एसी निघण्याच्या दहा मिनिटं आधीच लावून ठेवते.

आणि केक पोचवताना केटररच्या हातात एक चिठ्ठी देते: आत सहा नळ्या, चार स्ट्रॉ, एक दांडी. कापताना मोजून बाहेर काढा.