‘सगळं धरून साडेसोळा हजार’: शिफ्टिंगच्या कोटेशनमधली मेख

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात पॅकर्स-मूव्हर्सवाल्यांचे फोन अखंड वाजत असतात. जूनच्या मध्यावर शाळा सुरू व्हायच्या आत घर लावून व्हायला हवं, म्हणून गिऱ्हाईक घाईत असतं आणि फसवणारा नेमकी हीच घाई हेरतो. त्याचा डाव फोनवरच्या दरात नसतो. सामान गाडीत चढलं की तो सुरू होतो.

कोथरूडहून नाशिकला जाणाऱ्या एका कुटुंबाचं उदाहरण घ्या. दोन बेडरूमचं घर, चौदा फुटी गाडी. फोनवर ठरलं ‘सगळं धरून साडेसोळा हजार’, दोन हजार ॲडव्हान्स यूपीआयने गेले. दुसऱ्या एकाने घरी येऊन, माळे उघडून, नाशिकच्या घरी लिफ्ट नाही हेही विचारून चोवीस हजार अधिक जीएसटी सांगितले होते. तो महाग वाटला, म्हणून त्याला नकार दिला.

गाडी भरून निघाली, जुन्या घराची किल्ली मालकाला देऊन झाली आणि संध्याकाळी फोन आला. जीएसटी 2,970. इन्शुरन्स दोन लाखांच्या तीन टक्क्यांनी 6,000. ‘माल लिस्टपेक्षा जास्त निघाला’ म्हणून 4,500. तिसऱ्या मजल्यावर चढवायचे 1,800. एकूण 31,770, आणि पैसे आल्याशिवाय गाडी खाली होणार नाही. नाकारलेल्या माणसाचे जीएसटीसकट 28,320 झाले असते.

यातली ‘लिस्ट’ कधी बनलीच नव्हती. फोनवर ‘दोन बेड, फ्रिज, वॉशिंग मशीन, थोडे बॉक्स’ एवढंच झालं होतं. घरात सगळ्यात जास्त निघतात ते खोकेच: स्वयंपाकघर, पुस्तकं आणि माळ्यावरच्या पेट्या मिळून सहज पंचवीस-तीस होतात. ‘थोडे’ या शब्दावर नंतर कोणीही काहीही लावू शकतो. म्हणून खोक्यांचा आकडा लिहायला लावायचा आणि तो ओलांडला तर प्रत्येक जादा खोक्याचा दर काय, हेही.

इन्शुरन्सचं प्रकरण तर आणखी बेमालूम. तीन टक्के घेतले जातात, बिलावर ओळही येते, पण बऱ्याचदा विमा कंपनीची पॉलिसी निघालेलीच नसते. काच फुटल्यावर ‘क्लेम फॉर्म भरा’ म्हणतात आणि फॉर्म त्यांच्याच ऑफिसात पडून राहतो. गाडी सुटायच्या आधी विमा कंपनीचं नाव आणि सर्टिफिकेटचा नंबर मागा. दिला नाही, तर तो विमा नाही.

प्रामाणिक कोटेशन कसं असतं ते पाहा:

‘सोबतच्या यादीतील 1 डबल बेड, 1 फ्रिज, 1 वॉशिंग मशीन, 1 सोफा, 28 खोकी. चौदा फुटी स्वतंत्र गाडी, वाटेत दुसऱ्याचा माल नाही, गाडी बदलणार नाही. पॅकिंग साहित्य, चढवणे, तिसऱ्या मजल्यावर जिन्याने उतरवणे, टोल धरून रु. 24,000. जीएसटी 18 टक्के वेगळा, एकूण रु. 28,320. जादा खोके प्रत्येकी रु. 150. एसी काढणे-बसवणे यात नाही. विमा ऐच्छिक, घेतल्यास पॉलिसी क्रमांक देऊ. पोहोच: 28 मे.’

‘गाडी बदलणार नाही’ ही ओळ नसेल तर सामान गोडाऊनला उतरून दुसऱ्या गाडीत चढू शकतं आणि मोडतोड बहुधा तिथेच होते. जीएसटी नंबर gst.gov.in वर ‘Search Taxpayer’ मध्ये टाका. यूपीआयला वैयक्तिक नाव आणि कोटेशनवर भलतंच फर्मचं नाव दिसलं, तर ॲडव्हान्स देऊ नका. मोठी रक्कम आधी भरूच नये. शेवटचा हप्ता सामान उतरल्यावर, असं लिहून घ्यावं.

गाडी अडवलीच, तर फोनवर वाद घालत बसू नका. मागणी व्हॉट्सॲपवर लिहून पाठवायला सांगा, गाडीचा नंबर आणि बिल्टीचा, म्हणजे माल ताब्यात घेतल्याच्या वाहतूकदाराच्या कागदाचा, फोटो जवळ ठेवा, 112 वर कळवा. ग्राहक हेल्पलाइन 1915 वर तक्रार नोंदवता येते, पण तिथून त्याच रात्री गाडी सुटेल अशी आशा धरू नका.

उतरवून झालं की ड्रायव्हर पावतीवर सही मागतो. तिच्यावर ‘माल सुस्थितीत मिळाला’ असं छापलेलं असतं. खोकी मोजा, फ्रिज आणि काचेच्या वस्तू त्याच्यासमोर उघडा, आणि सहीशेजारी पेनने लिहा: ‘खोकी 27 मिळाली, 1 कमी, फ्रिजच्या दाराला पोचा’. रस्ते वाहतुकीच्या 2007 च्या कायद्यात वाहतूकदारावर नुकसानीचा दावा लावायचा तर बुकिंगपासून 180 दिवसांत लेखी नोटीस जावी लागते. पावतीवरची ही एक ओळ त्या नोटिशीला जोडायची.